थांब, मागे, हां

बायजीआत्या डहाणूच्या बाजारात मासळी विकायला बसायची, आणि गिऱ्हाईक टोपलीपाशी येऊन वाकेपर्यंत त्याचा अर्धा हिशोब तिने मनात करून टाकलेला असायचा. हा घासाघीस करणार, ही बोटाने कल्ले उचलून बघणार, ही नुसतं विचारून पुढे जाणार. सहसा चुकायची नाही. आणि चुकली, तर चूक गिऱ्हाइकाची, असं तिचं ठरलेलं होतं.

डहाणूजवळच्या आगरला, आत्याच्या घरात हिना सून म्हणून आली तेव्हा तिचाही असाच हिशोब झाला. गुजरातच्या सीमेवरच्या वेवजीची पोरगी, शेतकऱ्याच्या घरची, कॉलेजात दिपेशशी जमलेलं, बोंबील साफ करताना नाक न मुरडणारी. आत्याने तिला जमेच्या बाजूला टाकलं. दिपेशची आई लवकर गेली होती. त्याला वाढवला तो याच आत्याने. त्यामुळे तिच्या पानात जमा होणं म्हणजे घरात घेतलं जाणं. सासरे नारू बिचारे हिशोबात कुठेच नव्हते. ते समुद्रावर जायचे, यायचे, जेवायचे.

लग्नाचा पूर्ण व्हिडिओ स्टुडिओवाल्या विनोदने पेन ड्राइव्हवर आणून दिला, आणि तिथून सगळं सुरू झालं. लॅपटॉपवर तो बघताना आत्याची टकळी चालू झाली. कुणाचा शालू कुणाकडून मागून आणलेला, कोण अक्षता टाकायच्या ऐवजी फोन बघत होता, कोणती मावशी फोटोत घुसायला तीन वेळा कपाळाचा घाम पुसत पुढे आली. मूळ व्हिडिओपेक्षा हेच ऐकत राहावं असं होतं. दिपेश हसून हसून खाली बसला.

"आत्या, हे रेकॉर्ड करूया," हिना म्हणाली. "मोठ्या चित्रात लग्न, कोपऱ्यात छोट्या चौकटीत तुम्ही. तुम्ही बोलायला लागलात की लग्न थांबेल, बोलून झालं की पुढे चालेल."

"लग्न थांबेल?" आत्या म्हणाली. "माझ्या बोलण्याने आजवर एकच लग्न थांबलं, आणि ते थांबलं ते बरंच झालं."

गाणी घातलेला व्हिडिओ युट्यूबवर टाकला तर गाण्यांचे मालक हक्क सांगत येतात, म्हणून हिनाने विनोदकडून गाण्याशिवायची कॉपी मागून घेतली आणि खाली त्याच्या स्टुडिओचं नाव द्यायचं कबूल केलं. मग रविवारी दुपारी बैठक बसली. लॅपटॉप स्टुलावर, आत्याच्या समोर. त्याच्या शेजारी, आत्याच्या डाव्या हाताला, मसाल्याच्या डब्याला टेकवून फोन, तोंड आत्याकडे. लॅपटॉपचा आवाज फोनच्या माइकमध्ये घुसू नये म्हणून आत्याला इयरफोन लावायचे होते. तिने एकच कान दिला. "दुसरा मला लागतो. दारात कोण आलं ते कळायला."

हिना स्टुलाच्या मागे जमिनीवर बसली, हात वर करून कीबोर्डवर. तिथून तिला पडदा दिसत नव्हता, पण फोनमध्ये ती दिसत नव्हती हे महत्त्वाचं. व्हिडिओ सुरू करताना तिने एक टाळी वाजवली.

"आरती आहे का?"

"नंतर दोन्ही जुळवायला, आत्या. टाळीपासून लग्न सुरू, टाळीपासून तुम्ही सुरू. आता तुम्ही 'थांब' म्हणालात की मी थांबवते, 'चल' म्हणालात की चालू करते."

आत्याला ही सत्ता फार आवडली. थांब. चल. थांब. नवरदेवाच्या मित्रांचा नाच तिने चार वेळा थांबवला आणि प्रत्येक वेळी एकेकाला निकालात काढला. मग पंगतींचा भाग आला. कॅमेरा पानांवरून हळूहळू सरकत होता. आत्या एकदम म्हणाली, "थांब."

हिनाने थांबवलं.

"पुढे गेलं. मागे. मागे घे ना गो. अजून मागे. हां." मग आत्याने उजवा हात लांब करून पडद्याकडे बोट केलं. "हा बघा. नाव घेणार नाही मी, आपल्यातलाच आहे. हा पहिल्या पंगतीत बसला टोपी घालून. आणि शेवटच्या पंगतीत बसला टोपी काढून. वाढणाऱ्याला वाटलं, दोन माणसं जेवली. लग्न लागलं दोघांचं, पोट भरलं याचं एकट्याचं. चल."

हिना स्टुलामागे तोंड दाबून हसली. कोण, ते तिला दिसलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस तिने फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ते शिवलं. खाली लग्नाची पट्टी, वर आत्याची पट्टी. आत्याची चौकट लहान करून खाली उजव्या कोपऱ्यात बसवली. दोन्ही टाळीला जुळवल्या. मग आत्याच्या आवाजाची रेघ बघत जायचं, जिथे "थांब" येईल तिथे लग्नाची पट्टी कापायची, त्या क्षणाचं चित्र गोठवायचं, आणि ते गोठलेलं चित्र आत्याच्या "चल"पर्यंत ताणायचं. मग लग्न पुढे सुरू. काम सरळ होतं. कंटाळवाण्या जागा मात्र तिने छाटल्या: आत्याचं खोकणं, दारात पाव विकणाऱ्याशी झालेलं भांडण, आणि ते "मागे, अजून मागे". ऐकणाऱ्याला त्याचं काय, असं तिला वाटलं.

पंगतीच्या गोठलेल्या चित्रात तिचा चिमणमामा दिसत होता, हातात डाव घेऊन उभा. पण समोर ओळभर माणसं खाली माना घालून जेवत होती. आत्याचं बोलणं त्यांच्यातल्याच कुणाचं तरी, असं तिने धरून चाललं. आत्याचं बोट मात्र झकास आलं होतं. चौकट उजवीकडे, आणि फोन आत्याच्या डाव्या हाताला असल्याने बोट बरोबर डावीकडे, मोठ्या चित्राच्या आत शिरल्यासारखं. नशीब म्हणतात ते हेच, असं वाटून हिनाने व्हिडिओ टाकला आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांना लिंक पाठवली.

आगरमध्ये मजा आली. पलीकडच्या घरातल्या संगीताने सांगितलं की आत्याला आता टोपलीपेक्षा टीव्हीवर बसवा. वेवजीतून मात्र संध्याकाळपर्यंत काहीच आलं नाही, आणि मग धाकट्या बहिणीचा, निलमचा फोन आला.

"दीदी, तू काय केलंस?"

मामाने व्हिडिओ फोनवर बघितला नव्हता. त्याने तो नव्या मोठ्या टीव्हीवर लावला होता, अख्ख्या फळियातल्या, म्हणजे आळीतल्या, माणसांना बोलावून. भाचीचा चॅनेल. फोनवर आत्याचं बोट तांदळाएवढं होतं. टीव्हीवर ते मुसळाएवढं झालं, आणि त्याचं टोक थेट मामाच्या छातीवर टेकलं. मामा तिथे पुतळा होऊन उभा, आणि आत्या सांगतेय, हा पहिल्या पंगतीत बसला टोपी घालून.

हिनाच्या माहेरी रीत अशी की मुलीचा मामा वरात निघेपर्यंत अन्नाला शिवत नाही. त्या दिवशी मामा सकाळपासून फक्त पाण्यावर होता. डाव हातात धरून सगळ्यांना लापशी वाढत होता आणि स्वतः मात्र उपाशी. संध्याकाळी त्याला उन्हाची चक्कर आली होती, ते हिनाने डोळ्यांनी बघितलं होतं. आणि त्याच माणसाला दोनदा जेवलेला ठरवून तिने ताणून ठेवलं होतं, चांगलं लांबलचक.

"मामा म्हणतो, साखरपुड्याला ती आत्या आली तर मी घरातून बाहेर पडणार नाही," निलम म्हणाली. तिचा साखरपुडा येत्या रविवारी होता. मुलीला पाटावर बसवायचं ते मामाने.

हिनाने आधी व्हिडिओ प्रायव्हेट केला. मग आत्याला सांगितलं. आत्या बोंबील उलटे करत होती, ती उलटे करतच राहिली.

"मी त्याला बोलले नाही, तर मी का नको? मी नको तर या घरातून कुणीच नको. दिपेशला मी वाढवला, आणि त्याच्या बायकोच्या बहिणीच्या साखरपुड्याला मी दारात बसू?"

"आत्या, चूक माझी आहे."

"चूक तुझी, नाव माझं, राग त्याचा. चांगली वाटणी झाली."

दिपेशने दोन्हीकडे बघितलं आणि होडीचं इंजिन बघायला जातो म्हणून निघून गेला. इंजिन परवाच दुरुस्त झालं होतं.

हिना एकटी बसली. मामाशिवाय निलमचा साखरपुडा, नाही तर सासरशिवाय ती स्वतः. दोन्हीपैकी एकही गोष्ट तिच्या घशाखाली उतरत नव्हती. शेवटी तिने फोनमधलं न कापलेलं रेकॉर्डिंग उघडलं. ते पुसलं नव्हतं, हीच एक जमेची बाजू. कानात इयरफोन घालून ऐकत गेली, आणि तिथे ते स्पष्ट होतं: थांब. मागे. अजून मागे. हां.

बोलणं "हां"च्या चित्राबद्दल होतं, आणि तिने गोठवलं होतं "थांब"चं चित्र. आत्या आवाज करेपर्यंत कॅमेरा सरकलेला, तेवढ्यात मामा डाव घेऊन चौकटीत शिरलेला. आत्याने मागे घ्यायला लावलं, हिनाने रेकॉर्डिंगच्या वेळी घेतलंही, आणि कापताना मात्र "मागे" हा शब्दच कंटाळवाणा म्हणून फेकून दिला. शब्द फेकला आणि लग्न तिथेच पुढे राहून गेलं.

आता लॅपटॉपवर, मोठ्या पडद्यावर, ती एकेक चित्र मागे सरकवत गेली. मामा उलट्या पावलांनी चौकटीबाहेर गेला. पानं उलटी सरकली. थोडं मागे गेल्यावर ओळीचं दुसरं टोक आलं, आणि तिथे तिने चित्र गोठवलं. आत्याचं बोट आता मांडवाच्या एका खांबाकडे दाखवत होतं. खांब जेवला नव्हता. मग जेवला कोण? ओळीचं शेवटचं टोक खाली उजव्या कोपऱ्यात होतं, आणि बरोबर तिथे आत्याची स्वतःची चौकट बसलेली.

हिनाने ती चौकट बोटाने उचलावी तशी डाव्या कोपऱ्यात ओढली.

खाली, पांढरी टोपी घालून, मान पानात घातलेले, नारू बसले होते. तिचे सासरे. नवऱ्या मुलाचा बाप, जो रीतीप्रमाणे व्याह्यांसोबत शेवटच्या मानाच्या पंगतीला बसला होता, आणि तसा फोटोही अल्बममध्ये होता.

आता नवीन पेच. मामाला सोडवायचं तर सासऱ्याला अडकवायचं. शिवाय चौकट डावीकडे नेल्याने आत्याचं बोट आता चित्राच्या बाहेर, भलतीकडेच गेलं. ते वळवायला आत्याला आरशासारखं उलटं करावं लागलं: डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. बोट बरोबर नारूंच्या टोपीवर आलं, पण नाकातली चमकी उजव्या बाजूला गेली आणि पदर दुसऱ्या खांद्यावर.

ती लॅपटॉप घेऊन ओट्यावर गेली. आत्या आणि नारू दोघं चहा घेत होते. तिने ते लावलं.

आत्याने आधी स्वतःलाच बघितलं. "आता कशी बरोबर दिसते मी. मागच्या वेळी तू माझं तोंड वाकडं काढलं होतंस. मी म्हटलं, जाऊ दे, सुनेचं मन कशाला मोडा."

"आत्या, मागच्या वेळी तुम्ही सरळ होतात. आता मी तुम्हाला उलटं केलंय. तुम्ही रोज आरशात बघता तशा दिसताय."

"मग लोक मला रोज वाकडी बघतात की काय?"

तोवर बोट टोपीवर येऊन थांबलं होतं. नारूंनी कप खाली ठेवला. टोपीकडे बघितलं. बहिणीकडे बघितलं. हिनाने डोळे मिटून घेतले.

"लापशी होतीच तशी," नारू म्हणाले.

त्यांनी कप परत उचलला.

"तुझ्या वेवजीच्या लोकांनी गूळ सढळ टाकला होता. एकदा खाऊन कळलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा बसलो." मग कप संपवून, "शेवटच्या पंगतीचंही असेल ना त्यात? तेही लाव. नाही तर लोकांना वाटेल बायजी खोटं बोलते."

"पप्पा, तुमचं नाव खराब होईल."

"माझं नाव घेतं कोण? आगरात मला सगळे दिपेशचा बाप म्हणतात. जरा माझंही काही असू दे."

नवीन व्हिडिओ जुन्या लिंकवर घालता येत नाही. जुना काढून नवा टाकावा लागतो. हिनाने तो टाकला, मामाला लिंक पाठवली, आणि मामाने फक्त निरोप पाठवला: बघितलं. साखरपुड्याचं काय, ते निलमनेच विचारलं. मामाचं म्हणणं असं होतं की ज्यांनी पहिला बघितला ते दुसरा बघतीलच असं नाही. फळियातली पोरं अजून त्याला बघून टोपीला हात लावल्याचं नाटक करत होती. चव्हाट्यावर म्हटलंय, तर फोनवर माफी कशी चालेल?

गुरुवारी आत्या उठली, सुक्या बोंबलांची पिशवी भरली आणि म्हणाली, "चल, तुझ्या वेवजीला. तो फोन घे. आणि तो मसाल्याचा डबाही."

मामाने दार उघडलं, पिशवीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. बरीच वर्षं उंबरगावच्या कारखान्यात काढल्याने त्याच्या बोलण्यात गुजराती घुसलेली होती. "आवो बेन," तो म्हणाला, पण आवाजात पाहुणचार नव्हता.

"बसायला आले नाही," आत्या म्हणाली. "माझं बोलणं सगळ्यांनी ऐकलं. आता तुमचं ऐकू दे. मी लग्न थांबवून बोलले, तुम्ही मला थांबवून बोला. हिना, लाव."

मामाला हे अपेक्षित नव्हतं. त्याने शर्ट बदलला, केस ओले करून बसवले, आणि टीव्हीसमोर खुर्ची ओढली. हिनाने डबा मांडला, फोन टेकवला, टाळी वाजवली. आत्याचा तयार व्हिडिओ आता मूळ झाला, आणि त्यावर मामाची चौकट बसायची होती. मामाला "थांब" म्हणायला सुचेना. तो सवयीने रिक्षाला म्हणतात तसं म्हणाला, "ऊभी राख."

आत्या टीव्हीवर तोंड अर्धं उघडं ठेवून गोठली. एवढ्या वर्षांत तिला बोलता बोलता कुणी मध्येच अडवलं असेल तर ते हेच. खोलीतली आत्या टीव्हीतल्या आत्याकडे बघत राहिली.

"चालू दे," मामा म्हणाला. पंगत आली. टोपी आली, बोट आलं, आणि टीव्हीतली आत्या बोलू लागली: "पहिल्या पंगतीत बसला टोपी घालून. आणि शेवटच्या पंगतीत बसला टोपी काढून."

"ऊभी राख." मामा खुर्चीत पुढे सरकला. फोनकडे बघून, अगदी शांतपणे, तो बोलला. "बेनचं खरं आहे. नारूभाई पहिल्या पंगतीत होते. शेवटच्या पंगतीत पण होते. मी दोन्ही वेळेला वाढत होतो, मी सांगतो. पण मी उभा होतो. आता बेनने मला एवढंच सांगावं, पहिल्या पंगतीत नारूभाईंना बघितलं कुणी? आणि शेवटच्या पंगतीत बघितलं कुणी? दोन्हीकडे बघणारं माणूस दोन्हीकडे कुठे बसलं होतं?"

हिनाने टीव्हीकडे बघितलं. गोठलेल्या चित्रात नारूंच्या पलीकडे, चित्राच्या अगदी कडेला, एक हात लापशीच्या पानावर होता. फक्त हात. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि मध्ये एक सोन्याची, जराशी चेपलेली. तसलीच बांगडी तिच्या शेजारी बोंबलांच्या पिशवीवर ठेवलेल्या मनगटात होती.

आत्याने पदराखाली हात घेतला.

"लापशी होतीच तशी," ती म्हणाली.

मामा इतका हसला की त्याची चौकट थरथरली. फोन डब्यावरून घसरला आणि पुढचा भाग छताचा आला. हिनाने तो तसाच ठेवला. "मागे", "अजून मागे", खोकणं, छत, काहीही न छाटता जोडलं. मामाची चौकट कुठे बसवायची, यावर मात्र वाद झाला. खाली डावीकडे आत्या होती, खाली उजवीकडे नारू. आत्याचं म्हणणं, वर उजवीकडे जरा खाली ओढून बसव, तिथे नुसताच कुणाचा तरी हात आहे. मामा म्हणाला, हात राहू दे, मला डावीकडे वर बसव. मामाचं ऐकलं गेलं.

रविवारी वेवजीच्या मांडवात मामाने निलमला पाटावर बसवलं. तो या वेळीही सकाळपासून पाण्यावर होता. बायजीआत्या पहिल्या पंगतीला बसली नाही. दुसरीलाही नाही. लापशीचं पातेलं समोरून दोनदा गेलं, तिने मान वळवली. शेवटच्या पंगतीला ती मामाच्या शेजारी बसली आणि पान पुढे ओढलं.

"थकलात, बेन," मामा म्हणाला. "पहिल्या पंगतीलाच बसायचं ना."

"तिथे विनोद कॅमेरा घेऊन उभा होता," आत्या म्हणाली.